ग्लूट ब्रिज पुन्हा शिकताना

उताणे झोपून, पावले टेकवून नितंब जमिनीवरून उचलण्याचा ग्लूट ब्रिज हा व्यायाम सुरू करून तिसरा आठवडा चालू असताना एके सकाळी चूळ भरण्यासाठी मी बेसिनवर वाकले आणि कमरेत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, कोणीतरी आवळून धरल्यासारखे दुखले. दुखणे फार तीव्र नव्हते, पण ते दुपारपर्यंत टिकले आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम झाल्यावर तासाभरात पुन्हा त्याच जागी आले. मी रोज २० वेळांचे ३ सेट करत होते, आणि ज्या नितंबांसाठी हा व्यायाम सांगितला जातो तिथे मला काहीही जाणवत नव्हते. कंबर कमकुवत आहे म्हणूनच ती दुखते आहे, तिला अजून कामाला लावले पाहिजे, असा अर्थ लावून मी ३ सेटचे ४ केले. तो अर्थ पूर्णपणे उलटा होता, हे समजायला आणखी दहा दिवस जावे लागले.

दुखणे थांबेना तेव्हा मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. दुखणे पायात उतरते का, पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा येतो का, लघवी-शौचावरच्या नियंत्रणात काही फरक पडला आहे का, हे त्यांनी आधी विचारले, पायांची ताकद तपासली, आणि यांपैकी काहीही नाही याची खात्री झाल्यावरच त्या म्हणाल्या, "आता तुम्ही घरी जसा करता तसाच ब्रिज करून दाखवा. मी मध्ये काही बोलणार नाही." मी सतरंजीवर उताणी झोपले, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवली आणि सवयीप्रमाणे जितके वर जाता येईल तितके वर गेले. त्यांनी माझाच फोन जमिनीलगत, माझ्या डाव्या बाजूला ठेवून चित्रण केले होते. ते त्यांनी मला दाखवले आणि दोन जागी थांबवले.

पहिल्या जागी, म्हणजे साधारण दोन तृतीयांश उंचीवर, सारे ठीक दिसत होते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर जवळजवळ एका तिरक्या रेषेत आले होते. दुसऱ्या जागी, म्हणजे मी सर्वांत वर असताना, त्या रेषेला बाक आला होता. बरगड्यांचा खालचा भाग आणि पोट छताकडे फुगले होते, पाठीखाली कमान तयार झाली होती, आणि जांघेत, जिथे मांडी आणि पोट मिळतात तिथे, कपड्याला अजूनही एक घडी होती. त्या घडीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे बघा. खुबा पूर्ण उघडलेलाच नाही. तो जिथे थांबला तिथून पुढची सगळी उंची तुम्ही कमरेतून काढली आहे." मला आजवर जी उंची व्यायाम चांगला झाल्याची खूण वाटत होती, तिचा शेवटचा तीन-चार बोटांचा भाग नितंबांचा नव्हताच.

इथे एक गोष्ट भाषेची आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे हा व्यायाम शिकवताना जवळजवळ सगळेच जण "कंबर उचला" असे सांगतात. मलाही तसेच सांगितले गेले होते. पण कंबर म्हणताच आपले लक्ष जाते ते बरगड्या आणि नितंब यांच्या मधल्या भागाकडे, म्हणजे पाठीच्या कण्याच्या खालच्या पाच मणक्यांकडे, आणि ती आज्ञा पाळण्याचा शरीराजवळचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे नेमका तोच भाग कमानीसारखा वर ढकलणे. उचलायची असते ती कमरेखालची हाडांची चौकट, जिला शरीरशास्त्रात श्रोणी म्हणतात, आणि ती उचलली जावी लागते खुब्याच्या सांध्यातून. फिजिओथेरपिस्टची सूचना वेगळी होती: "कंबर उचलू नका, जांघ उघडा." या पाच शब्दांनी माझा अर्धा व्यायाम बदलला. सेतुबंधासन करणाऱ्यांची गल्लत होण्याचेही हेच कारण असावे असे मला वाटते. त्या आसनात छाती हनुवटीकडे नेऊन पाठीची कमान करणे हाच हेतू असतो आणि तिथे ते योग्यच आहे. दुरून दोन्ही सारखे दिसले तरी ग्लूट ब्रिजमध्ये हालचाल खुब्यात हवी आणि कणा त्या वेळी एका ठरलेल्या आकारात स्थिर राहायला हवा.

कंबर मध्ये का पडते, हे त्यांनी सांधा आणि स्नायू दाखवून समजावले. नितंबातला मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्सिमस, श्रोणीच्या आणि कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या मागच्या बाजूपासून निघून मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या पट्ट्याला जोडला जातो. तो आखडला की मांडी मागे जाते, किंवा पाऊल जमिनीवर रोवलेले असेल तर श्रोणी वर आणि पुढे ढकलली जाते. त्याच वेळी तो श्रोणीची मागची कड खाली ओढतो. कण्यालगतचे लांब स्नायू नेमके उलटे काम करतात: ते श्रोणीची मागची कड वर ओढतात आणि कमरेचा बाक वाढवतात. त्यामुळे वर जाताना श्रोणी कोणत्या दिशेला कलते आहे, एवढ्यावरून काम कोणाच्या हाती गेले आहे हे ओळखता येते.

आता खुब्याच्या सांध्याला मर्यादा आहे. मांडी धडाच्या सरळ रेषेत आल्यानंतर ती त्यापलीकडे मागे जाते ती बहुतेक प्रौढांत सुमारे १० ते २० अंश. शिवाय ब्रिजमध्ये गुडघा वाकलेला असतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंपैकी एक, रेक्टस फिमोरिस, खुबा आणि गुडघा दोन्हींवरून जातो. गुडघा वाकवल्यावर तो आधीच ताणला जातो, आणि मग खुबा उघडताना त्याच्याजवळ द्यायला लांबी उरत नाही. ज्याच्या जांघेतले स्नायू ताठ आहेत त्याचा खुबा सरळ रेषेच्याही थोडा आधीच अडतो. पण डोक्यात उद्दिष्ट उंचीचे असेल तर शरीर तिथे थांबत नाही. ते पुढच्या मोकळ्या सांध्याकडे वळते, आणि खुब्याच्या लगेच वर असलेले मोकळे सांधे म्हणजे कमरेचे मणके. कंबर काम बळकावते असे आपण म्हणतो, पण खरे तर खुब्यातली वाट संपलेली असताना आपणच तिला पुढे ढकललेले असते. दिवसातून ६० ते ८० वेळा, तेही वजन पेलत, कण्याचे मागचे सांधे असे एकमेकांवर दाबले गेले की तिथे दुखू लागणे समजण्यासारखे आहे.

नितंबाचे स्नायू "झोपलेले" असतात आणि त्यांना "जागे" करावे लागते, असे मी अनेकांकडून ऐकले होते, म्हणून तेही विचारले. त्यांचे उत्तर मला पटले. त्या म्हणाल्या, "झोपला असता तर तुम्हाला जिना चढता आला नसता. तो काम करतो. या व्यायामात तुम्ही त्याला काम उरू देत नाही." मला हा फरक शब्दांपुरता वाटत नाही. स्नायू झोपला आहे असे मानले की माणूस तो अधिकाधिक आवळण्याच्या मागे लागतो. काम चुकीच्या सांध्यात जाते आहे असे कळले की तो आकार आणि मर्यादा तपासू लागतो.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एक चाचणी करून घेतली, आणि या साऱ्या प्रकरणात तीच मला सर्वांत उपयोगी पडली. टेनिसचा एक चेंडू लागतो. उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवायचे. चेंडू डाव्या बाजूच्या सर्वांत खालच्या बरगडीवर ठेवायचा, डावा गुडघा छातीकडे आणायचा आणि चेंडू मांडी व बरगडी यांच्यामध्ये पकडायचा, हात न लावता. उजवे पाऊल जमिनीवर असते; फक्त त्यावर भार देऊन श्रोणी उचलायची. डावी मांडी पोटाशी आल्यामुळे श्रोणी मागे कललेली राहते आणि कमरेला कमान करायला जागाच उरत नाही. कमान झालीच तर बरगडी मांडीपासून दूर जाते आणि चेंडू पडतो. म्हणजे जी काही उंची मिळते ती निव्वळ उजव्या खुब्याची असते.

दोन्ही पायांवर मी वीतभर वर जाणारी बाई, पण चेंडू धरून उजव्या पायावर जेमतेम दोन बोटे उचलली गेले, आणि तिसऱ्या प्रयत्नाला जोर लावताच चेंडू घरंगळून सतरंजीवर गेला. डाव्या पायावर चार बोटे मिळाली. त्या म्हणाल्या की या चाचणीत उंची कमीच मिळते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; पाहायचे ते एवढेच की चेंडू टिकतो का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का आणि ताण कुठे येतो. उजव्या बाजूला मला प्रथमच नितंबाच्या खालच्या अर्ध्या भागात खोलवर जळजळ जाणवली. तीन आठवडे शेकडो वेळा करून जे एकदाही जाणवले नव्हते ते दोन बोटांच्या उंचीत जाणवले.

पुढे नेहमीचा ब्रिज त्यांनी पहिल्यापासून शिकवला. मी तो आज ज्या क्रमाने करते तो असा आहे. उताणे झोपल्यावर पावले खुब्याइतक्या अंतरावर ठेवते, बोटे किंचित बाहेर वळलेली, टाचा नितंबांपासून साधारण वीत-दीड वीत दूर. हात शरीरालगत सैल असतात आणि नजर छताकडे असते. मान उचलून पोटाकडे पाहिले की सगळा आकार बिघडतो. मग नाकाने श्वास घेऊन तोंडाने सावकाश पूर्ण सोडते, काचेवर वाफ धरावी तसा. श्वास शेवटाला आला की बरगड्यांच्या खालच्या कडा आपोआप आत आणि खाली येतात, आणि ओटीपोट ताठ होते. पोट आत ओढण्याचा वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

बरगड्या त्या जागी ठेवूनच श्रोणीचा छोटासा कल देते: माकडहाड पावलांच्या दिशेने किंचित वळते आणि कमरेखालची पोकळी कमी होते. हे फार थोडे असते. पट्ट्याच्या बकलावर पाण्याची वाटी ठेवली आहे आणि ती हनुवटीकडे जेमतेम कलंडते आहे, इतके. त्यानंतर टाचांवर भार देऊन श्रोणी वर नेते. माकडहाड आणि कमरेचा खालचा भाग एकाच वेळी, एका फळीसारखे जमिनीवरून सुटायला हवेत. मणका-मणका सुटा करत वर जाण्याची पद्धतही आहे आणि ती कण्याच्या हालचालीसाठी वेगळी करता येते, परंतु दोन्ही एकाच वेळी करायला गेले की कुठे थांबायचे ते कळत नाही.

थांबणे हा या व्यायामाचा कठीण भाग आहे. जांघेतली घडी सपाट झाली की खुब्याचे काम संपले. त्या क्षणी कमरेत किंचितही "आवळ" आली तर मी एक बोट खाली येते, आणि गंमत अशी की त्या एका बोटाने नितंबांतला ताण कमी न होता वाढतो, कारण भार कण्याच्या स्नायूंवरून सुटून पुन्हा नितंबांकडे येतो. वर ५ सेकंद थांबते, त्या काळात श्वास रोखत नाही, आणि तेवढ्याच सावकाशीने त्याच आकारात खाली येते. खाली पूर्ण टेकल्यावर बरगड्या आणि श्रोणी पुन्हा जागेवर आणते, मगच पुढचे आवर्तन. पूर्वी मी ज्या वेळात २० करत असे त्या वेळात आता ५ होतात.

सुरुवातीचे काही दिवस एक हात बरगडीवर आणि दुसऱ्या हाताची बोटे ओटीपोटाच्या पुढच्या हाडावर ठेवून मी करत असे. वर जाताना या दोन हातांमधले अंतर वाढले तर कमान झाली, तेवढेच राहिले तर आकार टिकला. आरशापेक्षा ही खूण चांगली, कारण आरशात पाहायला मान वळवावी लागते. कंबर पूर्ण निष्क्रिय राहील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. कण्यालगतचे स्नायू धड स्थिर ठेवण्यासाठी थोडे ताठ होतातच, आणि तसे झालेच पाहिजे. त्यांनी धरून ठेवणे वेगळे आणि त्यांनी उचलणे वेगळे. पहिल्यात कंबर नंतर ताजी असते, दुसऱ्यात ती आवळून येते.

दुसऱ्या आठवड्यात नवीन अडचण आली. कंबर शांत झाली, पण चौथ्या-पाचव्या आवर्तनाला मांडीच्या मागे पेटके येऊ लागले. मी ते सहन करून पुढे करत राहिले, ते चुकलेच. कारण साधे होते: पावले फार लांब होती. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायूही खुबा उघडतात, आणि त्यांतले बहुतेक खुबा व गुडघा दोन्हींवरून जातात. गुडघा जितका जास्त वाकलेला तितके ते आखूड झालेले असतात आणि त्यांचा जोर कमी पडतो, म्हणून काम नितंबांकडे जाते. पावले लांब गेली की गुडघा उघडतो आणि हॅमस्ट्रिंग पुढे सरसावतात. पावलांचे अंतर मी खाली झोपलेली असताना तपासत होते, तीही चूक होती. श्रोणी वर गेली की गुडघे पावलांच्या दिशेने सरकतात, त्यामुळे अंतर वर असताना तपासावे लागते. वर थांबलेले असताना नडगी जमिनीशी काटकोनात उभी दिसली पाहिजे. माझ्या चित्रणात ती माझ्याच दिशेने झुकलेली होती, म्हणजे गुडघा टाचेच्या मागे राहिला होता. टाचा चार बोटे जवळ घेतल्यावर पेटके दोन दिवसांत बंद झाले. फार जवळ घेतल्या तर उलट होते: गुडघे पावलांच्या पुढे जातात, टाचा सुटू लागतात आणि भार मांडीच्या पुढच्या बाजूला येतो.

त्याच सुमारास मी दुसऱ्या टोकालाही गेले होते. श्रोणीचा कल उपयोगी आहे हे कळल्यावर मी तो जितका देता येईल तितका देऊ लागले, पोट दगडासारखे आवळून आणि कंबर जमिनीत दाबून. पुढच्या भेटीत त्यांनी ते पाहताच थांबवले. इतक्या जोराने माकडहाड वळवले की कमरेचा नैसर्गिक हलका बाकही उलटा होतो, श्वास अडतो आणि वर जाण्याची वाट सुरू होण्याआधीच स्नायू थकतात. "कल हा कमान टाळण्यापुरता," एवढे त्यांनी सांगितले. त्यानंतर मी कल निम्म्यावर आणला आणि वर जाणे पुन्हा सुरळीत झाले.

उजव्या खुब्यासाठी त्यांनी ब्रिजच्या आधी करायचा एक ताण दिला. उजवा गुडघा जमिनीवर, डावे पाऊल पुढे, धड ताठ. त्या स्थितीत पुढे झुकण्याऐवजी आधी श्रोणीला तोच छोटा कल द्यायचा आणि उजवा नितंब हलका आवळायचा. कल न देता पुढे झुकले तर माणूस खूप खाली जातो खरा, पण पुन्हा कमरेतूनच. कल दिल्यावर जेमतेम दोन बोटे पुढे सरकता येते आणि जांघेत व मांडीच्या पुढच्या बाजूला स्पष्ट ओढ लागते. ३० सेकंद, दोन वेळा, आणि डाव्या बाजूला एकदा. लगेच त्यानंतर ब्रिज केला की जांघेतली घडी लवकर सपाट होते, हे मला पहिल्याच दिवशी जाणवले. हा परिणाम सुरुवातीला तात्पुरता असतो. दिवसभर खुर्चीत बसून उठल्यावर संध्याकाळी खुबा पुन्हा तितकाच अडतो, त्यामुळे ताण आणि ब्रिज लागोपाठ करावे लागतात.

किती वेळा करायचे, हा प्रश्न मी आकड्यांवरून सोडवणे बंद केले. एका संध्याकाळी फोन जमिनीवर ठेवून सलग १५ आवर्तने चित्रित केली आणि नंतर सावकाश पाहिली. आठव्यापर्यंत रेषा सरळ होती. नवव्याला जांघेत बारीक घडी उरली. अकराव्याला बरगड्या उघडल्या. बाराव्यापासून पुढचे सगळे माझे जुने ब्रिज होते, आणि करताना मला यातले काहीच कळले नव्हते. मला वाटत होते की शेवटपर्यंत सारखेच चालले आहे. नितंब थकले की शरीर निरोप न देता कंबरेकडे वळते, आणि हे बहुधा जाणवत नाही, दिसतेच. त्यामुळे मी आठच्याही एक आधी थांबायचे ठरवले: ७ आवर्तने, ३ सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातून चार दिवस. दर रविवारी पुन्हा चित्रण. तिसऱ्या रविवारी बिघाड अकराव्याला सुरू झाला, म्हणून सेट १० चे केले. पाचव्या रविवारी १५ पर्यंत रेषा टिकली.

मग मला एका पायावरच्या ब्रिजकडे जायचे होते, पण तिथे घाई नडते. एक पाय उचलताच श्रोणी त्या बाजूला खाली झुकते आणि ती पातळीवर आणण्यासाठी कंबर पिळली जाते. दोन्ही बाजूंच्या ओटीपोटाच्या हाडांवर बोटे ठेवून तपासले तर हे लगेच कळते. म्हणून मधला टप्पा घेतला: दोन्ही पायांनी वर जायचे, वर असताना एक टाच फक्त कागद सरकेल इतकी उचलायची, ३ सेकंद थांबून टेकवायची, मग दुसरी. उजव्या पायावर भार असताना श्रोणीची डावी बाजू पहिले दोन आठवडे झुकतच होती. वजन ठेवण्याचा प्रयोग आठव्या आठवड्यात केला. ५ किलोचे डंबेल, टॉवेलच्या घडीवर, जांघेच्या लगेच वर. पहिल्या सेटमध्येच चौथ्या आवर्तनाला बरगड्या उघडल्या. वजन काढले, दोन आठवडे थांबले आणि पुन्हा ठेवले तेव्हा ८ आवर्तने नीट झाली.

कमरेतले दुखणे चुकीची पद्धत थांबवल्यापासून साधारण दहा दिवसांत गेले. माझे दुखणे व्यायामातूनच आलेले होते, म्हणून ते असे गेले. ज्यांना मागे वाकल्यावर दुखते, दुखणे पायात उतरते, किंवा मुंग्या आणि बधिरपणा येतो, त्यांनी वरचा क्रम वाचून घरी सुरू करू नये, आधी तपासून घ्यावे. आकार बरोबर ठेवूनही, उंची कमी करूनही ब्रिजमध्ये कमरेत दुखत राहिले तर तो ब्रिज त्या माणसासाठी त्या वेळी योग्य नाही, असे माझ्या फिजिओथेरपिस्टनी मला स्पष्ट सांगितले होते.

चेंडूची चाचणी मी महिन्यातून एकदा करते. गेल्या वेळी डाव्या पायावर सहा बोटे उचलले गेले आणि उजव्यावर पाच, चेंडू दोन्ही वेळा जागेवर राहिला. उजवीकडे सहाव्या बोटाला चेंडू अजून घरंगळतो, म्हणून त्या बाजूला मी पाचवरच थांबते.